अमेरिकेतील आगमन तपासणी

आगमन तपासणी म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रवेश करू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकाची विमानतळावर, बंदरावर किंवा भूसीमेवर होणारी कायदेशीर चौकशी होय. ही चौकशी अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागांतर्गत येणाऱ्या 'कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन' या संस्थेचे अधिकारी करतात. २००३ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे आप्रवासन आणि सीमाशुल्क अशी दोन्ही कामे असल्यामुळे प्रवासी कोण आहे, कशासाठी आला आहे आणि सोबत काय आणले आहे, हे तिन्ही प्रश्न एकच अधिकारी विचारू शकतो. भारतातून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी एफ-१ या वर्गाच्या व्हिसावर अमेरिकेत जातात. त्यांच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी होणारी तपासणी हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

## व्हिसा आणि प्रवेश यांतील फरक

पारपत्रावर (पासपोर्टवर) चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेत राहण्याची परवानगी, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात व्हिसामुळे प्रवाशाला केवळ प्रवेशस्थळापर्यंत जाऊन तेथे प्रवेशाची विनंती करण्याचा अधिकार मिळतो. मुंबईतील वाणिज्य दूतावास व्हिसा देतो, तर प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. ही दोन वेगळ्या खात्यांची स्वतंत्र कामे आहेत, त्यामुळे दूतावासातील मुलाखतीत समाधानकारक ठरलेली गोष्ट विमानतळावर पुन्हा विचारली गेली तर त्यात संशयाचे कारण असतेच असे नाही.

अमेरिकेच्या १९५२ च्या आप्रवासन व राष्ट्रीयत्व कायद्यानुसार येणारा परदेशी नागरिक, काही ठरावीक वर्ग वगळता, कायमचा राहण्यासाठीच आला आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, आपण खरोखर शिक्षणासाठी आलो आहोत, शिक्षणाचा खर्च भागवण्याची सोय आहे आणि मायदेशातील आपले घर सोडून देण्याचा हेतू नाही, हे त्याने पटवून द्यावयाचे असते. आरोप सरकारने सिद्ध करावा हे न्यायालयातील सूत्र येथे लागू होत नाही. तपासणीतील बहुतेक प्रश्नांचा रोख या एका कायदेशीर स्थितीतून समजतो.

डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन संस्थांत प्रवेश मिळालेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांना, वैध व्हिसा असूनही, विमानतळावरून परत पाठवण्यात आले. त्यानंतर एअर इंडियाने हैदराबादहून निघालेल्या काही विद्यार्थ्यांना विमानातच बसू दिले नाही. या संस्था काळ्या यादीत असल्याची चर्चा तेव्हा झाली. मात्र परत पाठवलेल्या व्यक्तींनी अधिकाऱ्यांना दिलेली माहिती त्यांच्या व्हिसाच्या वर्गाशी विसंगत होती, असे अमेरिकी सरकारने कळवल्याचे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले होते. विसंगती हा या विषयातील कळीचा शब्द आहे.

## प्राथमिक तपासणी

विमानातून उतरल्यावर परदेशी नागरिकांसाठीच्या रांगेतून प्रवासी अधिकाऱ्याच्या खिडकीपाशी पोहोचतो. अधिकारी पारपत्र यंत्रात वाचून घेतो, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतो आणि दरम्यान प्रश्न विचारतो. हा संवाद बहुधा काही मिनिटांतच संपतो. अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर व्हिसाच्या अर्जाची म्हणजे डीएस-१६० ची माहिती, पूर्वीच्या प्रवासाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांसाठीच्या 'सेव्हिस' या संगणकीय नोंदवहीतील तपशील उपलब्ध असू शकतो. त्यामुळे विचारलेल्या गोष्टीचे उत्तर अधिकाऱ्याला अनेकदा आधीच ठाऊक असते. पडद्यावरील नोंद, हातातील कागद आणि प्रवाशाच्या तोंडचे उत्तर या तिन्हींचा मेळ बसतो का, हे तो पाहत असतो.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्या प्रवाशांची ही तपासणी अमेरिकेत होत नाही. तेथील विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी पूर्वतपासणी करतात. मुंबईहून निघालेला प्रवासी अबू धाबीतच हे प्रश्न ऐकतो आणि अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे उतरतो. डब्लिन आणि शॅनन या आयर्लंडमधील विमानतळांवरही अशीच सोय आहे. या मार्गांनी जाणाऱ्याने कागदपत्रे मधल्या थांब्यावरच हाताशी असतील असे पाहावे लागते.

## विद्यार्थ्याला विचारले जाणारे प्रश्न

पहिला प्रश्न बहुधा येण्याच्या कारणाचा असतो. त्याचे उत्तर एका वाक्यात संपते: कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विषयात, कोणती पदवी. विद्यापीठाचे नाव आय-२० या प्रमाणपत्रावर छापलेले असेल तसेच सांगणे इष्ट असते, कारण अमेरिकेत एकाच राज्याच्या नावाची दोन-तीन विद्यापीठे असू शकतात आणि एकाच विद्यापीठाच्या अनेक शाखा वेगवेगळ्या शहरांत असतात. विद्यार्थ्याच्या व्हिसावर बहुधा संस्थेचे नाव व सेव्हिस क्रमांकही छापलेला असतो. व्हिसा मिळाल्यानंतर दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचे ठरल्यास, पहिल्या प्रवेशापूर्वीच दोन्ही विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयांकडून पुढील कार्यवाही विचारून घ्यावी लागते. व्हिसावर एक आणि तोंडी दुसरे नाव असल्यास विद्यार्थी पुढील चौकशीला हमखास पात्र ठरतो.

दुसरा प्रश्न अभ्यासक्रम केव्हा सुरू होतो हा असतो आणि त्यामागे एक ठोस नियम आहे. एफ-१ विद्यार्थ्याला पहिल्या वेळी आय-२० वर छापलेल्या आरंभदिनांकाच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही. आरंभदिनांक २५ ऑगस्ट असेल, तर २६ जुलैपूर्वी उतरलेला विद्यार्थी अडचणीत येतो. याउलट आरंभदिनांक उलटून गेल्यावर पोहोचणाऱ्याने विद्यापीठाकडून उशिरा रुजू होण्याची संमती आणि आवश्यकतेनुसार नवा आय-२० घेतलेला असावा लागतो.

खर्चाविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. आय-२० वर एका वर्षाचा अंदाजित खर्च आणि तो भागवण्याचे मार्ग आकड्यांत दिलेले असतात. शिक्षणकर्ज, पालकांची बचत, शिष्यवृत्ती, विद्यापीठाचे साहाय्यवेतन यांपैकी जे खरोखर असेल ते त्याच क्रमाने सांगावे. येथे 'तिकडे गेल्यावर नोकरी करून फी भरीन' हे उत्तर घातक ठरते. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, परंतु आवाराबाहेरचे काम पहिल्या शैक्षणिक वर्षात साधारणतः करता येत नाही आणि पुढेही त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. जो विद्यार्थी कमाईच्या भरवशावर आला आहे तो कायद्याच्या दृष्टीने कामासाठी आलेला ठरतो. मग त्याच्याजवळचा व्हिसा चुकीच्या वर्गाचा आहे असा निष्कर्ष निघू शकतो.

शिक्षणानंतर काय करणार, हा प्रश्न अनेकांना कोड्यात टाकतो. पदवीनंतर अभ्यासविषयाशी निगडित प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणून १२ महिने काम करण्याची तरतूद एफ-१ वर्गातच आहे, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या ठरावीक पदव्यांसाठी ती आणखी २४ महिन्यांनी वाढवता येते. तिचा उल्लेख करणे गैर नाही. मात्र उतरताक्षणी प्रशिक्षणाविषयीच बोलत सुटणारा आणि अभ्यासक्रमातील दोन विषयही न सांगता येणारा विद्यार्थी शिकण्यासाठी आला आहे असे वाटत नाही. घोकून आलेली वाक्येही लगेच ओळखू येतात, कारण अधिकारी उपप्रश्न विचारतो. पहिल्या सत्रात कोणते विषय घेणार, हेच विद्यापीठ का निवडले, राहणार कोठे, अशा साध्या उपप्रश्नांपुढे पाठांतर टिकत नाही.

सीमाशुल्काच्या दृष्टीने खाद्यपदार्थ आणि रोख रकमेविषयी विचारले जाते. खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नाला चिवडा, लाडू, मसाले सोबत असताना 'नाही' म्हणणे ही अगदी अनावश्यक जोखीम आहे. जाहीर केलेली वस्तू निषिद्ध निघाली तर ती काढून घेतली जाते, पण लपवलेली सापडल्यास दंड होऊ शकतो. ताजा कढीपत्ता निषिद्ध आहे, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते. हा नियम महाराष्ट्रातील घरांतून भरल्या जाणाऱ्या पिशव्यांना विशेष लागू पडतो. १०,००० डॉलरांहून अधिक रोख किंवा तत्सम मूल्याचे धनादेश नेण्यास बंदी नाही, परंतु ते जाहीर करणे सक्तीचे आहे.

## एक नमुना

सोलापूरची एक काल्पनिक विद्यार्थिनी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी १२ ऑगस्टला शिकागो येथे उतरते असे समजू. तिच्या आय-२० वर आरंभदिनांक २५ ऑगस्ट, वर्षाचा खर्च ४६,००० डॉलर, त्यांपैकी शिक्षणकर्ज ३५,००० आणि पालकांचे साहाय्य ११,००० डॉलर असे लिहिले आहे. सोबत बँकेचे ३० लाख रुपयांच्या कर्जाचे मंजुरीपत्र आणि वडिलांच्या खात्याचे विवरण आहे.

खर्च कोण करणार, असे विचारल्यावर ती म्हणते की बहुतांश रक्कम बँकेच्या शिक्षणकर्जातून आणि उरलेली आईवडिलांकडून येईल. अधिकारी कर्जाची रक्कम विचारतो. ती रुपयांतील आकडा सांगून, तो साधारण ३५,००० डॉलर होतो असे म्हणते. हा आकडा आय-२० शी जुळतो, म्हणून मंजुरीपत्र पाहण्याची गरजही कदाचित पडणार नाही. दुसऱ्या वर्षाचे काय, असा पुढचा प्रश्न येऊ शकतो. वडिलांची बचत आणि शेतजमिनीचे उत्पन्न ही जर खरी योजना असेल तर तेच उत्तर पुरेसे आहे.

आता याच विद्यार्थिनीने, कागदपत्रे तीच असताना, 'माझा चुलतभाऊ डॅलसला आहे, तो काहीतरी काम बघणार आहे' असे म्हटले तर चित्र पालटते. एकही कागद खोटा नसतो, तरी शिकागोजवळच्या विद्यापीठात शिकणारी विद्यार्थिनी डॅलसमध्ये कोणते काम करणार हा प्रश्न उभा राहतो आणि तिला आत नेले जाते. उत्तरात नसलेली गोष्ट सुचवणारे असे सहज निघालेले वाक्य अपुऱ्या कागदांइतकेच महागात पडू शकते.

## मराठी भाषकांच्या इंग्रजीतून होणारे गैरसमज

काही गैरसमज भाषेच्या सवयीतून उद्भवतात आणि ते आधी माहीत असल्यास टळतात. मराठीत 'काम' हा शब्द नोकरीपासून किरकोळ खेपेपर्यंत कशालाही चालतो. 'विद्यापीठात माझे थोडे काम आहे' याचे शब्दशः इंग्रजी 'वर्क' असे केले की अधिकाऱ्याच्या कानी रोजगार पडतो. नावनोंदणी, वर्ग, प्रयोगशाळेतील अभ्यास अशी नेमकी नावे घेतली तर हा घोटाळा होत नाही. संशोधन साहाय्यकाचे पद मिळाले असल्यास ते विद्यापीठाने दिलेले आहे हे सांगून त्याचे पत्र दाखवावे.

नात्यांचे शब्द त्याहून फसवे आहेत. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ सारेच भाऊ असतात आणि शेजारचे गृहस्थही काका होतात. डीएस-१६० अर्जात मात्र अमेरिकेत सख्खे भाऊबहीण, पती-पत्नी किंवा अपत्य आहे का असे विचारलेले असते. अर्जात 'नाही' लिहिणाऱ्याने खिडकीपाशी 'भावाकडे उतरणार' म्हटले, तर प्रामाणिक माणूसही माहिती दडवणारा दिसतो. 'कझिन' हा एक शब्द येथे पुरतो, आणि नात्यात नसलेल्या काकांना वडिलांचे मित्र म्हणणे योग्य.

तारखा अमेरिकेत महिना आधी लिहून वाचल्या जातात, म्हणून महिन्याचे नाव उच्चारून तारीख सांगावी. होकार देताना मान डोलावण्याची भारतीय पद्धत परक्याला होकार आणि नकार यांच्या मधली वाटते, तेव्हा 'येस' किंवा 'नो' तोंडाने म्हणावे.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. न समजलेल्या प्रश्नाला दिलेले 'येस' मात्र नोंदीत उत्तर म्हणून उतरते. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा माहीत नाही असे सांगून संबंधित कागद पाहू द्यावा. शांत राहणे म्हणजे चेहरा निर्विकार ठेवणे नव्हे. सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर आवाज कापणे अधिकाऱ्यांना नवीन नसते. प्रश्न पूर्ण ऐकणे, तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देणे आणि थांबणे एवढेच येथे अपेक्षित आहे. स्फोटके किंवा सुरक्षेविषयीचा विनोद मात्र कोणत्याही स्वरात करू नये.

## कागदपत्रे

पारपत्र, त्यावरील व्हिसा आणि विद्यार्थ्याची स्वतःची सही असलेला आय-२० हे तीन कागद हातात असणे आवश्यक आहे. आय-२० आता अनेक विद्यापीठे संगणकीय प्रत म्हणून पाठवतात. ती छापून सही करणे राहून जाते, ही वरवर किरकोळ वाटणारी त्रुटी बऱ्याचदा आढळते. त्यापाठोपाठ सेव्हिस शुल्काची पावती, प्रवेशपत्र आणि खर्चाचे पुरावे यावेत. हे सारे हातातील पिशवीत हवे, कारण सामानाची मोठी बॅग तपासणी संपल्यावरच मिळते. मोबाइलमधील प्रतींवर विसंबणे धोक्याचे आहे. तपासणी कक्षात मोबाइल वापरण्यास मनाई असते आणि बॅटरीही संपलेली असू शकते.

कागदांची जाडजूड फाइल खिडकीतून आत सरकवण्याचा मोह टाळावा. अधिकारी जे मागेल तेवढेच द्यावे. शिक्षणाशी संबंध नसलेली कागदपत्रे, विशेषतः नोकरीसाठी तयार केलेले परिचयपत्र किंवा परिचितांनी दिलेली शिफारसपत्रे, पुढे आल्यास त्यांतून नवेच प्रश्न निघतात.

एखादा आवश्यक कागद नसला म्हणजे प्रवेश नाकारलाच जातो असे नाही. अन्य बाबी समाधानकारक असल्यास अधिकारी आय-५१५ए हा नमुना देऊन ३० दिवसांसाठी प्रवेश देऊ शकतो. त्या मुदतीत विद्यापीठाच्या कार्यालयाच्या मदतीने उरलेली कागदपत्रे सादर करावी लागतात. हा नमुना देणे अधिकाऱ्याच्या विवेकाधीन आहे, आणि मुदत चुकल्यास विद्यार्थ्याचा वैध दर्जा धोक्यात येतो.

## दुय्यम तपासणी

खिडकीवरील अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, नोंद पडताळायची असली किंवा नावासारखे नाव यादीत आढळले, तर प्रवाशाला वेगळ्या कक्षात पाठवले जाते. याला दुय्यम तपासणी म्हणतात. तेथे जाणे म्हणजे नकार नव्हे. पुष्कळ विद्यार्थी थोड्या वेळाने शिक्का घेऊन बाहेर पडतात. परंतु वाट काही तास पाहावी लागू शकते, म्हणून पहिल्या प्रवासात जोडविमानासाठी भरपूर अंतर ठेवणे शहाणपणाचे ठरते.

या कक्षात प्रश्न अधिक खोलात जातात आणि मोबाइल किंवा लॅपटॉप तपासला जाऊ शकतो. संस्थेच्या जानेवारी २०१८ च्या निर्देशानुसार अधिकारी उपकरणात साठवलेला मजकूर पाहू शकतात, मात्र केवळ दूरच्या सर्व्हरवर असलेली माहिती त्यांनी उघडू नये, यासाठी उपकरण जाळ्यापासून तोडले जाते. उपकरण बाह्य यंत्राला जोडून केली जाणारी सखोल तपासणी वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असल्यासच करता येते. संकेतशब्द देण्यास नकार दिल्यास परदेशी नागरिकाचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. उपाहारगृहात किंवा दुकानात रोखीने काम मिळवण्याविषयीचे संवाद मोबाइलमध्ये असतील, तर तोंडी उत्तर कितीही नीटनेटके असले तरी ते उपयोगी पडत नाही. विमानात बसण्यापूर्वी असे संवाद पुसून टाकण्याचा सल्ला समाजमाध्यमांवर फिरतो. तो मुळातच चुकीचा आहे, कारण अडचण संवादाची नसून त्यामागच्या हेतूची असते.

या टप्प्यावर वकील सोबत असण्याचा हक्क साधारणपणे मिळत नाही. गुन्ह्याचा तपास सुरू झाला असेल तर गोष्ट वेगळी. प्रवेश नाकारण्याच्या दिशेने कार्यवाही होऊ लागली की प्रश्नोत्तरे शपथेवर लिहून घेतली जातात आणि प्रत्येक पानावर प्रवाशाची आद्याक्षरे घेतली जातात. आवश्यक असल्यास दुभाष्याची मदत देणे नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे इंग्रजी पुरेसे नसलेल्या व्यक्तीने मराठी दुभाषी मागावा. अशी मदत बहुधा दूरध्वनीवरून मिळते. लिहिलेला जबाब वाचल्याशिवाय सही करू नये, आणि आपण बोललो नाही असे वाक्य त्यात असेल तर ते दुरुस्त करून मागावे. पुढील कोणत्याही व्हिसा अर्जाच्या वेळी हाच जबाब समोर येतो.

## प्रवेश नाकारला गेल्यास

नकाराचे दोन मार्ग संभवतात आणि त्यांच्या परिणामांत मोठे अंतर आहे. प्रवेशाची विनंती मागे घेण्याची मुभा अधिकारी देऊ शकतो. तसे झाल्यास प्रवासी परत जातो, बहुधा व्हिसा रद्द होतो, परंतु ठरावीक वर्षांची बंदी लागत नाही. दुसरा मार्ग शीघ्र निष्कासनाचा आहे. त्यात न्यायाधीशापुढे सुनावणी होत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने आदेश निघतो आणि सामान्यतः पाच वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. विनंती मागे घेणे हा प्रवाशाचा हक्क नाही, परंतु तो पर्याय मिळेल का, असे नम्रपणे विचारता येते.

खोटे बोलण्याचा परिणाम याहूनही गंभीर असतो. प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास ती व्यक्ती आयुष्यभरासाठी अपात्र ठरते आणि त्यातून सूट मोजक्याच परिस्थितीत मिळते. अडचणीचे खरे उत्तर एका प्रवासापुरते नडू शकते, सोयीचे खोटे उत्तर कायमचे. परत पाठवलेल्या व्यक्तीने पुढील व्हिसा अर्जात ही घटना नमूद करणे आवश्यक असते. प्रवेश नाकारला गेला होता किंवा विनंती मागे घेतली होती का, असा प्रश्न डीएस-१६० मध्ये स्पष्टपणे विचारला जातो.

## भेटीला जाणारे पालक

विद्यार्थ्यांचे पालक बहुधा बी-२ या पर्यटन व भेटीच्या वर्गाने जातात. त्यांना मुलाचा किंवा मुलीचा पत्ता, मुक्कामाचा कालावधी आणि परतीचे तिकीट याविषयी विचारले जाते. पत्ता इंग्रजीत लिहिलेला कागद जवळ असावा. 'मुलगा घ्यायला येणार आहे' हे उत्तर पुरत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचे हे अधिकारी ठरवतो. ती मुदत बहुधा सहा महिन्यांची असते.

सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईला भेटीचे कारण विचारल्यास, नातवंड पाहायला आणि कुटुंबासोबत राहायला आले हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. 'बाळ सांभाळायला, म्हणजे सून कामावर जाऊ शकेल' असे सांगितल्यास ते दाईच्या नोकरीसारखे ऐकू येते. मुक्कामाचा मूळ हेतू खरोखर महिनोन् महिने पाळणाघराची जागा भरून काढण्याचा असेल, तर मात्र ती अडचण शब्द बदलून दूर होत नाही.

## प्रवेशानंतरची नोंद

प्रवेश मिळाल्यावर आय-९४ ही आगमनाची नोंद तयार होते. विमानाने येणाऱ्यांसाठी ती २०१३ पासून संगणकावर ठेवली जाते आणि i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावरून पाहता येते. तीत विद्यार्थ्याचा वर्ग F-1 आणि मुदतीच्या जागी D/S ही अक्षरे असावीत. अभ्यासक्रमाचा वैध दर्जा टिकेपर्यंत राहता येईल, असा या अक्षरांचा अर्थ होतो. याऐवजी ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव गृहसुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला होता, त्यामुळे प्रवासाच्या वेळचा नियम विद्यापीठाच्या कार्यालयाकडून विचारून घ्यावा.

नोंदीत चुका होतात. पारपत्रावर नावाबरोबर वडिलांचे नाव छापलेले असल्याने मराठी नावांत आडनाव आणि मधले नाव यांची अदलाबदल झालेली दिसते. कधी एफ-१ ऐवजी बी-२ वर्ग नोंदला जातो आणि विद्यार्थी नकळत पर्यटक ठरतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच नोंद उघडून पारपत्राशी ताडून पाहावी. चूक अधिकाऱ्याची असल्यास ती संस्थेच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात दुरुस्त करून मिळते. जाताना पारपत्र, आय-२० आणि चुकीच्या नोंदीची छापील प्रत सोबत न्यावी लागते.